हप्ता किती बसेल?

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, "कर्ज काढलं तर हप्ता किती बसेल, एवढंच सांग" असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी "बघून सांगते" म्हणाले, त्याचा तुम्हाला राग आलाय असं आईकडून कळलं. टाळायचं म्हणून नव्हते म्हणाले. रक्कम किती, मुदत किती, टक्के किती आणि ते टक्के कशावर, यातलं काहीच कळलेलं नसताना मी एखादा आकडा सांगितला असता, तर तो तुमच्या वहीत गेला असता आणि मग तुम्ही त्यावरून हलला नसता. तात्यांच्या वेळेला काय झालं ते आपण पाहिलंय.

आता आईकडून थोडं थोडं काढून घेतलंय. स्लॅब आणि मागची खोली मिळून पाच लाख, मुदत पाच वर्षं, आणि पतसंस्थेतले ते गृहस्थ म्हणतात आठ टक्के. चौथी गोष्ट मात्र मी स्वतः फोन करून विचारली. त्यांचे आठ टक्के फ्लॅट आहेत. म्हणजे पाच लाखांवर वर्षाला चाळीस हजार, पाच वर्षांचे दोन लाख, ते मुदलात मिळवून सात लाख, भागिले साठ महिने. हप्ता ११,६६७ रुपये. शेवटच्या वर्षी मुद्दल लाखभरावर आलेलं असेल, तरी व्याज आपलं पाच लाखांवरच चालू.

बँकेत घटत्या शिलकीवर आकारणी असते. दर महिन्याला जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच व्याज. मला बँकेने ११ टक्के लेखी दिलेत. पहिल्या महिन्याचं व्याज ४,५८३ रुपये, हप्ता १०,८७१. म्हणजे ६,२८८ रुपये मुदलातून गेले. दुसऱ्या महिन्यात व्याज ४,५२६ वर येतं, आणि असंच उतरत जातं. आता तुम्हीच बघा, अकरा टक्केवाल्याचा हप्ता आठ टक्केवाल्यापेक्षा जवळजवळ आठशे रुपयांनी कमी आहे. साठ हप्त्यांत पावणेअठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास वाचतात. त्यांचे आठ टक्के घटत्या शिलकीच्या हिशेबात चौदाच्या थोडे वरच पडतात. माझ्यावर विश्वास नसेल तर शेजारच्या मुलाला कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये `=PMT(11%/12,60,-500000)` टाकायला सांगा.

ते गृहस्थ फसवताहेत असं मला म्हणायचं नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं. पण बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलंय. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर आणि हप्त्यांचा तक्ता त्यात असतो. पतसंस्था सहकार खात्याकडे येतात, तो नियम त्यांना लागू नाही. शेअर्स, प्रोसेसिंग फी यांपोटी काय कापून हातात किती देणार, हे तिथे आपणच विचारायचं.

तर झालं असं आहे, की कर्ज मी माझ्या नावावर मंजूर करून घेतलंय. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. सात वर्षांची मुदतही मिळत होती, हप्ता साडेआठ हजारांवर आला असता, पण व्याज सदुसष्ट हजारांनी वाढलं असतं. मला पाच वर्षांचा झेपतो, खरंच झेपतो. आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, पेन्शनमधले दरमहा तीन हजार तुम्ही मला पाठवा, मी मुकाट्याने घेईन. बँकेच्या काउंटरवर मला उचलून धरून पासबुकातले आकडे तुम्हीच वाचायला लावायचात. ते हात अजून कुणापुढे पसरलेले मला बघायचे नाहीत, एवढंच आहे बाबा.

आई, काम चालू असताना धूळ होईल. तू मधल्या खोलीत झोप, गादी खाली नको, कॉट तिकडे हलवून घ्या. गुडघ्याचा पट्टा लाव आणि गवंड्यांचा चहा तू करत बसू नकोस, टपरीवर सांगून ठेव. बाथरूममध्ये कमोड आणि धरायला दांडी याच खर्चात बसवून घेतेय, त्यावर चर्चा नको.

आणि बाबा, पतसंस्थेच्या अर्जावर सही केली असेल तर आजच जाऊन परत घ्या. जामीनदार म्हणून शेजारच्या काकांचं नाव दिलंय म्हणे, त्यांनाही कळवा. कोरे चेक दिले असतील तर नंबर जुळवून मोजून परत आणा. कंत्राटदाराला माझा फोन येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

तुमची,
मनू