विनू, फोन ठेवलास म्हणून लिहितेय

विनू,

चिडून फोन ठेवलास, राग नाही मला त्याचा. उलट्यांनी जीव मेटाकुटीला आल्यावर आईचे प्रश्न नकोसे वाटतातच. पण "आई, व्हायरल आहे, सगळीकडे चालूय" म्हणालास ते मला पटत नाही, आणि आरोग्य केंद्रात इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईला गप्प बसवत नाही.

तास मोज. कराडला पंगत बसली दीडला, अडीचला तुम्ही निघालात आणि साडेचारला खंबाटकीत तुला पहिली उलटी झाली, तू म्हणालास घाट लागला, मग शिरवळच्या पुढं जुलाब सुरू झाले. म्हणजे जेवणानंतर तीनच तास. पोटाचा व्हायरस शरीरात शिरल्यावर साधारण १२ ते ४८ तासांनी त्रास देतो, त्या मांडवात लागला असता तर तू दुसऱ्या दिवशी आजारी पडला असतास. आता आधीच पुण्यात लागला असेल असं म्हणशील, तेही होऊ शकतं, पण मग त्याच संध्याकाळी इकडं आक्का, पिंट्या आणि नवरीकडचे दोघं कसे काय आडवे झाले? मी सगळ्यांना फोन करून विचारलं कोणी काय खाल्लं. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा सगळ्यांनीच घेतलं होतं. तात्यांनी शुगरमुळं बासुंदी तेवढी घेतली नाही, ते ठणठणीत आहेत. पिंट्याच्या छोटीला साय आवडत नाही, तिनंही नाही घेतली, ती अंगणात खेळतेय. ताप कुणालाच नाही. लॅबशिवाय शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही, पण माझं बोट बासुंदीवरच जातं.

चव तर मस्त होती म्हणालास ना, तीच गोष्ट आहे. वाढणाऱ्याच्या किंवा आचाऱ्याच्या बोटाला जखम, गळू असलं की त्यातले स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू दुधात उतरतात, पातेलं तासन् तास कोमट राहिलं की वाढतात आणि विष तयार करतात. वास येत नाही, चव बदलत नाही. आणि हे नीट वाच, जंतू उकळल्यावर मरतात पण ते विष उकळूनही जात नाही. आक्कानं तुला जो डबा भरून दिलाय तो "गरम करून घेतो" म्हणून तुझे रूममेट खातील, तो आत्ताच्या आत्ता टाक. लघवी झाली का रे सकाळपासून?

परत तेच विचारलं. विचारणार नव्हते.

पण ते महत्त्वाचं आहे म्हणून. उलट्या बहुतेक एका दिवसात आपोआप थांबतात, त्याला अँटिबायोटिक लागत नाही, मित्राची उरलेली गोळी घेऊ नकोस. धोका पाणी कमी होण्याचा असतो. ओआरएसचं पाकीट किती पाण्याचं आहे ते त्यावर वाच, मोठं असेल तर एक लिटर, आणि गटागट पिऊ नकोस, उलटी झाली की दहा मिनिटं थांब मग चमच्या चमच्यानं घे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोल्ड्रिंक नको.

तू दोन वर्षांचा असताना असाच आडवा झाला होतास, तुझे बाबा ड्युटीवर, मी रात्रभर चमच्यानं पाणी पाजत होते आणि तू चमचा चावून धरायचास. पहाटे लंगोट ओला झाला तेव्हा मी रडले. आता तू सहा फुटी झालास, स्वतःच्या पगारावर राहतोस, मला किती बरं वाटतं हे तुला कधी बोलले नाही. आणि तरी त्या लंगोटाचीच वाट बघतेय बघ.

लेक्चर झालं, माफ कर. एकच राहिलं. उद्या-परवा तुझ्या रूममेटला, ज्यानं बासुंदी चाखलीसुद्धा नाही, उलट्या सुरू झाल्या तर मग तू बरोबर, तो व्हायरस. तेव्हा सॅनिटायझरवर विसंबू नका, तो त्याला नीट मारत नाही, साबणानं हात धुवायचे आणि संडास ब्लीचनं. बरा झाल्यावरही दोन दिवस स्वयंपाक तू करायचा नाहीस.

सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहिल्यावर चक्कर, संडासात रक्त, १०२ च्या वर ताप, पाणीही पोटात टिकत नाही, यातलं एकही झालं तर मला विचारत बसू नकोस, रिक्षा कर आणि सलाईन लावून घे. पैशाचं बघू नकोस, मी पाठवलेत.

तात्या पहाटेच्या एसटीनं निघतायत. नको म्हणू नकोस त्यांना.

आई