बायका जास्त जगतात, पण कशाच्या आधारावर?

मा. संपादक,
स. न.

स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त, अशी बातमी आली की आमच्या कट्ट्यावर एक ठरलेला विनोद होतो : बायकांच्या कटकटीने नवरे लवकर जातात. बँकेत पेन्शनच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या रांगेत पंचाहत्तरीपुढे बहुतेक बायकाच दिसायच्या, त्याही कुटुंब निवृत्तिवेतनाच्या. त्यामुळे मला काही तो विनोद हसवत नाही.

या फरकात निसर्गाचा वाटा आहेच. दोन एक्स गुणसूत्रे आणि पाळी असेपर्यंत हृदयाला मिळणारे इस्ट्रोजेनचे संरक्षण ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे. पण बव्हेरियातील कॅथलिक मठांच्या नोंदी मार्क लुय या अभ्यासकाने तपासल्या, तेव्हा सारख्याच दिनक्रमात राहणाऱ्या नन आणि संन्यासी पुरुषांच्या आयुष्यात साधारण एका वर्षाचाच फरक निघाला. बाहेर तो कितीतरी मोठा होता. म्हणजे बाकीचा हिशोब तंबाखू, दारू, धोक्याची कामे आणि डॉक्टरकडे जायची टाळाटाळ यांच्या नावे मांडायला हवा. आपल्याकडे तर १९७०-७५ मध्ये उलटेच चित्र होते : पुरुष ५०.५ वर्षे, स्त्रिया ४९. बाळंतपणात आणि लहानपणीच्या हेळसांडीत बायका-मुली जात होत्या. ते मृत्यू कमी झाले तशा त्या पुढे गेल्या आणि २०१६-२० मध्ये आकडे ६८.६ आणि ७१.४ झाले.

फरक जेमतेम तीन वर्षांचा. मग २०११ च्या जनगणनेत विधवा सव्वाचार कोटींहून अधिक आणि विधुर मात्र त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, असे का? एक तर विधुराचे पुन्हा जमते, विधवेचे सहसा जमत नाही. दुसरे, मुलगा चार-पाच वर्षांनी मोठा हवा, हे आपणच ठरवले आहे. ही पाच आणि निसर्ग-सवयींची तीन मिळून आठेक वर्षांचे वैधव्य लग्नाच्या बैठकीतच ठरून जाते. शिवाय ही सरासरी झाली. नवरा साठीच्या आत गेला तर बाई वीस-पंचवीस वर्षेही एकटी काढते.

यात शुश्रूषेची बाजू कोणी मोजत नाही. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तर बायको घरात असते, कूस बदलते, औषधाच्या वेळा सांभाळते. ती अंथरुणाला खिळते तेव्हा तिच्यासाठी तसे कोणी उरलेले नसते. सून म्हणावी तर सासूबाई नव्वदीच्या असताना तीच पासष्टीची, गुडघे धरून बसलेली. (लेकाने करावे, हे अजून आपल्या तोंडी येत नाही.)

आणि पैसा. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एखाद्याला ईपीएस-९५ या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेचे २,४०० रुपये मिळतात असे धरा. तो गेला की बायकोला त्याच्या निम्मे, म्हणजे १,२०० रुपये. त्यावर महागाई भत्ता नाही. माणूस एक कमी झाला म्हणून वीजबिल, घरपट्टी, दुरुस्ती निम्मी होत नाही, आणि औषधे तर आता तिची सुरू होतात. मग ती तहसीलला श्रावणबाळ योजनेच्या १,५०० रुपयांसाठी अर्ज करते. तिचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला १४,४००, म्हणजे २१,००० च्या मर्यादेत बसते. पण दाखला लागतो कुटुंबाच्या उत्पन्नाचा. मुलगा महिन्याला दहा हजार कमावत असला की अर्ज तिथेच संपला, मग तो आईला दहा रुपये देवो वा न देवो.

टेबलावर आणखी एक गोष्ट नेहमी दिसायची. पेन्शनच्या कागदांवर बायकोचे नाव एक, आधारवर दुसरे, जन्मतारीख तिसरी. नवरा हयात असताना हे एका अर्जात निस्तरते. तो गेल्यावर प्रतिज्ञापत्रे, दोन साक्षीदार आणि तोवर बंद पडलेली पेन्शन. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर हिंदू वारसा कायद्याने तिला मुलांच्या बरोबरीचा हिस्सा आहे, पण हक्कसोड पत्रावर तिची सही बहुधा तेराव्याच्या आसपासच घेतली जाते. मी तरी अशा वेळी ‘आजी, थोडं थांबा, वर्षभराने सही करा’ असेच सांगत आलो.

सरकारला करण्याजोगे एक काम आहे : साठीपुढच्या विधवेच्या अर्जात तिचे स्वतःचे उत्पन्न धरावे, मुलाचे नव्हे. आणि निवृत्तीचे कागद भरताना नवऱ्याबरोबर बायकोलाही समोर बसवून तिची नावे, तारखा तिथेच जुळवून घ्याव्यात.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज