समीक्षेतला काटा काढताना मुद्दा निसटू नये

प्रिय माधवी,

सप्रेम नमस्कार.

उंदरांवरच्या त्या शोधनिबंधाच्या तुझ्या समीक्षेचा खर्डा वाचला. मुद्दा अगदी बरोबर आहे. पण 'लेखकांना संख्याशास्त्राचा गंधही नाही, n = 240 ही धूळफेक आहे' हे असंच गेलं, तर लेखक 'धूळफेक' या शब्दाला उत्तर देत बसतील. नेमकं काय दुरुस्त करून मागायचं, हे संपादकालाही कळणार नाही.

औषध दिलंय उंदरांना, पेशींना नाही. दोन गट, दर गटात 3 उंदीर, प्रत्येकाच्या 40 पेशी मोजल्या. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात, म्हणून 120 पेशी म्हणजे 120 स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये याच चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' म्हटलं. लेखकांना ती आकड्यांतच दाखव. एका उंदराच्या पेशींमधला सहसंबंध समजा 0.3 असला, तर 1 + 39 × 0.3 = 12.7. 120 ला त्याने भागलं की दर गटात जेमतेम 9 स्वतंत्र पेशींइतकीच माहिती उरते. 0.3 हा गृहीत आकडा आहे, हेही लिही. खरा त्यांच्याच नोंदींतून निघेल.

मी असं लिहीन:

'टी-चाचणीत प्रत्येक पेशी स्वतंत्र धरली आहे, पण उपचार उंदराच्या पातळीवर झाला आहे. त्यामुळे p चं मूल्य फार लहान आलं असण्याची शक्यता आहे आणि मुख्य निष्कर्ष सध्याच्या विश्लेषणावर टिकत नाही. कृपया उंदीर हा यादृच्छिक घटक धरून विश्लेषण पुन्हा करावं, दर उंदराची सरासरी आलेखात दाखवावी आणि n म्हणजे काय ते प्रत्येक आकृतीखाली लिहावं.'

सोबत R मधली ही ओळ दे:

```
lmer(length ~ group + (1 | mouse), data = d)
```

सहाच उंदरांवर या मॉडेलचा अंदाजही डळमळीत असतो. म्हणून सरासरींवरची साधी टी-चाचणीही माग. तिथे स्वातंत्र्यांश 238 नव्हे, 4 असतील.

'टिकत नाही' हे शब्द मात्र गाळू नकोस. सौम्य होण्याच्या नादात 'लेखकांनी विचार करावा' असं लिहिलं, की ती ऐच्छिक सूचना ठरते आणि उत्तरात 'मर्यादांमध्ये उल्लेख केला' एवढंच येतं. हा मुद्दा प्रमुख आक्षेपांत पहिला ठेव. टंकलेखनाच्या चुका शेवटी.

एक गोष्ट त्यांना विचारायलाच हवी: उपचार झालेले तिन्ही उंदीर एकाच पिंजऱ्यात होते का? तसं असेल तर औषधाचा परिणाम आणि पिंजऱ्याचा परिणाम वेगळा काढताच येत नाही, कुठलंही मॉडेल लावलं तरी. मग नवे उंदीर वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवून प्रयोग पुन्हा करा, नाहीतर दावा आवरता घ्या, असं स्पष्ट सांग. नुसतं फेरविश्लेषण मागितलंस, तर ते बिचारे करून देतील आणि पुढच्या फेरीत तुला नकारच द्यावा लागेल.

संपादकासाठीच्या गोपनीय टिपेतही हेच, याच तीव्रतेने लिही.

तुझी,
शैला