समझोता झाला, गुन्हा मात्र तसाच

महोदय,

प्रवेशाच्या हंगामात वसतिगृहातील मारामारीच्या प्रकरणांत एक गैरसमज हमखास दिसतो. पाच-सहा मुलांनी एकाला मारले, एफआयआर झाला, मग पालकांनी स्टँपपेपरवर समझोता केला. सगळ्यांना वाटते, विषय संपला! प्रत्यक्षात भारतीय न्याय संहितेतले साध्या दुखापतीचे कलम ११५(२) तडजोडपात्र आहे, पण मारणारे पाच किंवा अधिक असले की पोलिस दंगलीचे कलम १९१(२) लावतात आणि ते तडजोडपात्र नाही. फिर्यादीने ठाण्यात कितीही लिहून दिले तरी पोलिसांना ते मागे घेता येत नाही. त्यासाठी फिर्यादीचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडून उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. त्या आदेशाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी.

खरी अडचण नोकरीच्या वेळी पूर्वचरित्राची माहिती भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात येते. 'कधी गुन्हा दाखल झाला होता का?' असे विचारले असेल, तर गुन्हा रद्द झाला असला तरी 'होय' लिहून आदेश जोडावा. क्षुल्लक गुन्ह्याकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, पण लपवाछपवीवरून नेमणूक रद्दही होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात सांगितले आहे.

रॅगिंगचे गणित वेगळे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार दोषी ठरल्यास संस्थेतून काढले जाते आणि पुढे पाच वर्षे दुसरीकडेही प्रवेश नाही.

– एक फौजदारी वकील, पुणे