जिना एकच आहे, मावशी

विश्रामबाग, सांगली

प्रिय मावशी,

पत्रात तुमचं नाव घालत नाही. "नाव-गाव तुझ्याजवळ ठेव," असं तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंत, तेच पाळतेय. आणि पत्र असं उघड्यावर लिहायचं कारण म्हणजे तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "हं, चहा घे" म्हणून विषय मोडता.

जूनचे दिवस होते. नाशिकहून दोन बॅगा घेऊन वरच्या खोलीत राहायला येऊन मला चारच दिवस झाले होते. नळाला पाणी किती वाजता येतं, एवढंच विचारायला मी खाली उतरले. तुम्ही ओट्यावर सुपात शेंगा घेऊन बसला होतात. "बस की," म्हणालात आणि सहज विचारलंत, "एकटीच आलीस व्हय?"

मी सुटलेच. पाण्याची वेळ राहिली बाजूला. दोनदा गर्भ राहून पडला इथपासून सुरुवात झाली, मग दवाखान्याचं कर्ज, सासूचं बोलणं, नवऱ्याचं मधल्या मधे गप्प बसणं. जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते चार दिवसांच्या ओळखीच्या बाईला, तेही संध्याकाळी येणाजाणाऱ्यांच्या वाटेवर, धडाधड सांगत होते. बोलताना कळत होतं की जास्त होतंय. थांबता येत नव्हतं.

तुम्ही तेव्हा काय काय केलंत ते मला पुढे कित्येक महिन्यांनी उलगडलं.

पहिलं म्हणजे तुम्ही सूप उचलून आत आलात, मला आतल्या पडवीत बसवलंत, आणि म्हणालात, "साडेसहाला मला नातीला क्लासवरनं आणायचंय. तवर मी हितंच हाय." घड्याळात सहाला पाच कमी होती. ऐकून मला राग यायला हवा होता, पण उलट हायसं वाटलं. किती वेळ आहे ते आधीच कळलं होतं. तुम्ही अर्धा तास ऐकून मग एकदम उठून गेला असतात, तर मला वाटलं असतं की बाई कंटाळली.

मग तुम्ही माझ्यापुढे ओंजळभर शेंगा टाकल्यात. "बियाण्याच्या हायत, भावानं पाठवल्यात. दाण्याचं लाल साल निघता कामा नये, नायतर उगवत न्हाई. हळू फोड." टोकाशी अंगठ्यानं दाबायचं, टरफल उघडायचं, दाणे सुपात सोडायचे. घाई केली की दाणा सोलला जायचा आणि तो खायच्या डब्यात टाकावा लागायचा. दहा-बारा शेंगा झाल्यावर लक्षात आलं की माझं बोलणंही त्याच चालीनं चाललंय. तुमच्याकडे बघावं लागत नव्हतं, तुम्हीही माझ्याकडे टक लावून बघत नव्हतात. शेंगा बघत बोलताना रडूही कमी लाजिरवाणं वाटतं.

तुम्ही बोललात फार थोडं. "दोनदा. आणि घरात बोलायला कोण न्हाई," एवढंच एकदा म्हणालात. माझेच शब्द, जरा आवळून परत दिलेले. तेवढ्यानं कळलं की पोचलंय. "कितव्या महिन्यात?", "डॉक्टर कोण होते?", "नवरा काय कमावतो?" यातलं काहीही तुम्ही विचारलं नाहीत. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी हेच सगळं विचारून घेतलं होतं, मी विचारेल तेवढं सांगत गेले आणि तीन दिवसांनी तेच माझ्याकडे तिसऱ्याच माणसाच्या तोंडून परत आलं. दुसऱ्या एकीनं "सोड गं, घरोघरी मातीच्या चुली" म्हणून फाइल उघडली होती. एकीनं उकरलं, एकीनं झाकण लावलं. तुम्ही दोन्ही केलं नाहीत.

मी नवऱ्याचं नाव घ्यायला लागले तेव्हा तुम्ही हात वर केलात. "नाव नको. त्रास कळला, बास. उद्या तुमचं गोडीत आलं तर मला त्याच्याकडं नीट बघता याय पाहिजे." तुम्ही त्याला शिव्या घातल्या असत्यात तर त्या दिवशी मला बरं वाटलं असतं, हे खरं. पण पुढे दिवाळीला तो सांगलीत आला, तुमच्याच दारावरून वर चढला, तेव्हा तुमच्यातला आणि माझ्यातला एकही शब्द मला परत गिळावा लागला नाही.

आणि मग ते वाक्य. मी त्या दुसऱ्या वेळच्या रात्रीकडे निघाले होते. माझा आवाज बदलला असेल. तुम्ही म्हणालात, "आज जेवढं सांगून रात्री झोप येईल तेवढंच सांग. ऱ्हायलेलं उद्या शिळं हुत न्हाई."

मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला गप्प न करता थांबवलं होतं.

जाताना तुम्ही एकच प्रश्न सरळ विचारलात, डोळ्यांत बघून. "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का गं?" मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. तरीही तुम्ही कॅलेंडरच्या मागच्या पानावर १४४१६ लिहून दिलंत. सरकारी टेली-मानस, फुकट, रात्री-बेरात्री मराठीत बोलतात म्हणून. मी नंतर विचारलं की असं तोंडावर विचारायला भीती नाही वाटली, मनात नसलेलं घातल्यासारखं? तुम्ही म्हणालात, विचारल्यानं ते मनात शिरत नाही, असलं तर बाहेर येतं. तेही बरोबर आहे, मी नंतर एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडून ऐकलं. आणि "हो" असं उत्तर आलं असतं तर काय केलं असतंत? "नातीला शेजारणीनं आणली असती. तुला एकटी सोडली नसती. आन् तुझ्यासमोरच फोन लावला असता." म्हणजे साडेसहाची मर्यादाही त्या एका उत्तरासाठी मोडणारी होती.

पण मावशी, हे सगळं एका पारड्यात आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ दुसऱ्या पारड्यात.

रात्रभर मला स्वतःची लाज वाटत होती. हे काय करून बसलो आपण! सव्वासहाला पाणी येतं हे मला अजून माहीतच नव्हतं, पण खाली भांड्यांचा आवाज आला तेव्हा मी दार उघडलं नाही. चपला हातात घेऊन जिना उतरायचा आणि आठवड्याभरात दुसरी खोली बघायची, असं ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात खालून हाक आली, "पाणी आलंय, मोटर लाव की गं! दहा मिनिटंच ऱ्हातंय!"

बस. मी धावत जाऊन मोटर लावली. तुम्ही जिन्यात भेटलात, "टाकी भरली का?" म्हणालात. "आता बरं वाटतंय का?" नाही, खांद्यावर हात नाही, बाजूला दोघी-तिघी उभ्या असताना तो जड चेहरा नाही. आदल्या दिवशी मी तुमच्यासाठी जी होते तीच, पाणी भरायची राहिलेली भाडेकरू. चार दिवसांनी एकट्या असताना तेवढं म्हणालात, "परवाचं माझ्याकडं हाय. तुला काढायचं असंल तवा काढ, न्हाई काढलंस तरी चालतंय." मी तो विषय पुढे दीड महिन्यानं काढला.

कारण विचारलं तेव्हा तुम्ही एसटीतलं सांगितलंत. सांगली-सातारा गाडीवर कंडक्टर असताना पेठ नाक्यापासून कराडपर्यंत माणसं तुम्हाला काय काय सांगायची. "त्यांना काय, उंब्रजला उतरलं की मी कोण आन् ते कोण. म्हणून सांगतात. तू उतरून जाणार कुठं? जिना एकच." नवीन ओळखीत फार सांगून टाकणाऱ्या माणसाची अडचण ही असते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्याची परीक्षा सांगताना होते असं आपण धरतो. खरं तर ती दुसऱ्या दिवशी होते, कारण सांगणारा तेव्हा आपल्या डोळ्यांत स्वतःचा निकाल शोधत असतो.

हे सगळं मला कळलंय असं मला वाटत होतं. फेब्रुवारीत ऑफिसात एक नवी मुलगी आली. दुसऱ्याच दिवशी चहाच्या टपरीवर तिनं वडिलांची दारू, आईला होणारी मारहाण, पगार घरी गेला नाही तर काय होतं, सगळं ओतलं. मला इतकं कळवळून आलं की मी म्हणाले, "अगं, माझंही असंच होतं," आणि माझं सुरू केलं. तिला एकटं वाटू नये म्हणून. पाच मिनिटांनी ती कप खाली ठेवून "चला, उशीर होतोय" म्हणाली. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

मी रडकुंडीला येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात. "तिच्या सीटवर तू बसलीस." मग म्हणालात, आपलं सांगायचं तर एक ओळ सांगावी, "मलाही घरचं ओझं माहितेय" एवढी, आणि सीट लगेच परत द्यावी. त्याच्या पुढं गेलं की तिलाच आपली समजूत काढावी लागते.

तुम्ही सांगितलंत तसं दुसऱ्या दिवशी तिला गाठलं. माफीचं मोठं भाषण केलं नाही. "परवा तुझं बोलणं अर्धं राहिलं, मीच मधे शिरले. पुढचं सांगायचं असेल तर दुपारी जेवायच्या सुट्टीत वीस मिनिटं मी मोकळी आहे. नसेल तर नुसतं जेवू." आम्ही नुसतं जेवलो. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून सांगितलं की आईला रात्री हाकलून दिलं होतं. मी काही सल्ला दिला नाही, फक्त विचारलं, "आज रात्री आई कुठे आहे?" मामाकडे होती. मग मी तिला ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे दोन नंबर दिले आणि विचारलं, "तुझ्याशिवाय घरात हे आणखी कुणाला माहितेय?" हा प्रश्नही तुमचाच. एकच गाऱ्हाणं तिसऱ्यांदा आलं की आपण एकटं ते पेलू शकत नाही, तेव्हा आणखी एक माणूस शोधायचा, असं तुम्ही म्हणता. मामी निघाली. आता मामी आणि ती मिळून वकिलाकडे जाणार आहेत.

मला सगळं जमतं असं नाही. मला अजूनही ऐकता ऐकता उपाय सुचतात आणि जीभ चावून बसावं लागतं. एकदा तर थकून घरी आले असताना एका नव्या ओळखीच्या बाईचा फोन आला आणि मी खोटंच "गॅसवर दूध आहे" म्हणून ठेवला. तुम्ही म्हणालात, खोटं कशाला, "आज डोकं शिणलंय, उद्या सातला मी करते" म्हणायचं, आणि उद्या सातला खरंच करायचा. केला. ती म्हणाली, तुम्ही कराल असं वाटलं नव्हतं.

काल भावाकडून शेंगांचं पोतं आलेलं जिन्यात दिसलं. रविवारी सकाळी फोडायला येते, लाल साल निघू देणार नाही. आणि तुमचा गुडघा दुखतोय म्हणे, तेव्हा उद्या सव्वासहाला उठू नका. मोटर मी लावते.

तुमची,
वरच्या खोलीतली