बांधाचे वचन नेमके कोणाला सांगितले आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत धर्मग्रंथांतील नीतिवचनांची तुलना करणारे अभ्यास-टिपण वाचले. पूजा, व्रत, यज्ञ बाजूला ठेवून ग्रंथांनी रोजच्या वागण्याबद्दल काय सांगितले, हे एका ठिकाणी मांडल्याबद्दल लेखकाचे मनापासून आभार. मात्र त्यातल्या एका ओळीवर मी अडलो. टिपणात बायबलच्या नीतिसूत्रांतले वचन म्हणून ‘विधवेचा बांध सरकवू नकोस’ असे दिले आहे, आणि तक्त्यात ते ‘चोरी करू नये’ या रकान्यात बसवले आहे. या दोन्ही गोष्टींबद्दल लिहायचे आहे.

नीतिसूत्रांच्या 23व्या अध्यायातल्या 10व्या वचनात ‘विधवा’ हा शब्द नाही. तिथे ‘जुनी मेर सरकवू नकोस, पोरक्यांच्या शेतात शिरू नकोस’ असे आहे. मेर म्हणजे शेताची हद्द. विधवा आहे ती आमेनेमोपेच्या उपदेशात. हा प्राचीन इजिप्तमधला अधिकारी. त्याच्या उपदेशाचा पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तो 1923 साली छापला गेला. पुढच्याच वर्षी जर्मन अभ्यासक आडोल्फ एर्मान यांनी दाखवून दिले, की नीतिसूत्रांचा 22 ते 24 अध्यायांमधला एक भाग या उपदेशाशी जागोजाग जुळतो. हे साम्य पाहून काही अभ्यासकांनी सुचवले, की हिब्रू ‘ओलाम’ म्हणजे ‘प्राचीन’, या जागी मुळात ‘अल्माना’ म्हणजे ‘विधवा’ असावे. पुढच्याच ओळीत पोरकी मुले येतात, म्हणून सूचना पटण्यासारखी आहे. पण ती सूचनाच आहे. ग्रीक भाषांतरातही तिथे जुन्याच मेरेचा उल्लेख आहे. सारखेपणा शोधायला निघालेला माणूस एका ग्रंथातला शब्द नकळत दुसऱ्या ग्रंथात नेऊन ठेवतो, तसे इथे झाले असावे.

आता रकान्याबद्दल. मी परभणी जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या घरातला निवृत्त शिक्षक. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात, आणि धुरा कोरणे म्हणजे काय हे मी लहानपणापासून पाहत आलो. आमच्या शेजारच्या शेतात एक काकू एकट्या राबायच्या. काका लवकर गेले, मुले लहान. त्यांचा वरच्या अंगाचा शेजारी उन्हाळ्यात नांगरट करताना शेवटचे तास, म्हणजे नांगराची शेवटची रेघ, धुऱ्याला घासून घ्यायचा. एका सालात जायची ती वीतभर माती. एवढ्यासाठी कोण तक्रार करणार? धुरा चारशे फूट लांब होता. वर्षाला वीत, म्हणजे नऊ इंच धरले, तर बारा वर्षांत नऊ फूट. चारशे गुणिले नऊ, तीन हजार सहाशे चौरस फूट. गुंठा 1089 फुटांचा, म्हणजे तीन गुंठ्यांहून जास्त जमीन गेली. आणि यातल्या कुठल्याही एका दिवशी कोणी ‘आज चोरी झाली’ असे म्हणू शकले नसते. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहिले. मोजणी आणायची तर पैसे भरा, तारखेची वाट पाहा, आणि नंतर त्याच शेजाऱ्यासोबत उरलेला जन्म काढा. काकूंनी मोजणी आणली नाही.

म्हणून मला वाटते, की हे वचन चोरीच्या रकान्यात मावत नाही. कायदा घडून गेलेल्या गुन्ह्यावर चालतो, साक्षीदार मागतो. धुरा कोरणारा एकटा असतो, औत त्याच्याच हातात असते. बायबलमध्ये हीच गोष्ट दोन वेगळ्या सुरांत येते, आणि टिपणाने तो फरक दाखवायला हवा होता. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात विधी आहे: लेवी, म्हणजे उपासनेची सेवा पाहणाऱ्या वंशातले लोक, मोठ्या आवाजात एकेक शाप उच्चारतात, त्यात ‘शेजाऱ्याची मेर सरकवणारा शापित असो’ हाही येतो, आणि सगळे लोक ‘आमेन’ म्हणतात. ज्या कामाला साक्षीदार नाही त्याच्यावर साऱ्या समाजाने मिळून शाप ठेवायचा, असा तो मार्ग. नीतिसूत्रांत मात्र ना लेवी आहेत, ना आमेन. एक वडीलधारा एका तरुणाला बाजूला घेऊन सांगतो आहे, आणि कारणही देतो: त्या पोरक्यांचा ‘गोएल’ बलवान आहे, तो तुझ्याविरुद्ध त्यांची बाजू लढेल. गोएल म्हणजे हातची गेलेली जमीन सोडवून घेणारा जवळचा भाऊबंद. पोरक्या पोरांना असा भाऊबंद कुठला? तेव्हा ती जागा देवाची, असा त्याचा अर्थ. उपदेश कर्मकांडाचा नाही, पण देव त्यातून वजाही झालेला नाही. ‘व्यावहारिक’ म्हणजे ‘निधर्मी’ असे जे टिपणातून सुचते, ते इथे लागू पडत नाही.

आमेनेमोपेचा सहावा अध्याय तर आमच्या भागातल्या माणसाला घरचा वाटावा. हा माणूस शेतांचा आणि धान्याचा अंमलदार होता. शेतांच्या हद्दीच्या खुणा लावणे हे त्याचे कामच. आपल्या तलाठ्यासारखे काहीसे. नाईलचा पूर दरवर्षी खुणा पुसायचा आणि पुन्हा दोरी टाकावी लागायची, म्हणून संधीही दरवर्षी यायची. तो मुलाला सांगतो: मोजणीची दोरी हलवू नकोस, हातभर जमिनीची हाव धरू नकोस, विधवेच्या हद्दीत शिरू नकोस. ‘हातभर’ हा शब्द मी सजावटीला वापरलेला नाही. त्यांचेही माप कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताचे होते. म्हणजे तो बोलतो आहे एकरांच्या लुटीबद्दल नाही, आमच्या त्या वीतभर तासाबद्दल. आणि पुढे म्हणतो, की अन्यायाने मिळवलेल्या पाच हजार मापांपेक्षा देवाने दिलेले एक माप बरे.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. उपदेश अंमलदाराच्या मुलाला आहे. विधवा त्यात येते ती ज्याच्या-त्याच्या दयेवर. तिने काय करावे, कोणाकडे जावे, याबद्दल तिथे एक शब्दही नाही.

तुलनेसाठी महाभारत घ्यायचेच असेल, तर टिपणातल्या सुट्या सुभाषितांपेक्षा उद्योगपर्वातला विदुर घ्यावा. तिथेही वाद वाट्याचाच, भाऊबंदकीचाच. धृतराष्ट्राला रात्री झोप येत नाही, तो विदुराला बोलावतो. विदुर आधी सांगतो झोप कोणाकोणाची उडते: बलवानाने धरलेला दुर्बळ, सर्वस्व गेलेला, कामातुर, चोर. आणि मग विचारतो, परक्याच्या धनाची हाव तर तुला जाळत नाही ना? त्याने राजाला प्रायश्चित्त सांगितले नाही, होम सांगितला नाही; पांडवांचा वाटा देऊन टाक म्हणून सांगितले. धृतराष्ट्राला ते पटले, आणि तरी त्याने ते केले नाही. नीतीचा उपदेश कुठे थांबतो हे महाभारताने लपवले नाही, म्हणून मला ते इथे मोलाचे वाटते.

टिपणाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात विधवेच्या वचनाची दुरुस्ती द्यावी, ही विनंती. शिवाय तक्त्यात एक रकाना वाढवता आला तर पाहावे: वचन कोण कोणाला सांगतो आहे, आणि ऐकणाऱ्याच्या हातात त्या वेळी काय आहे. दोरी, औत की राज्य.

आमच्या काकू आता नाहीत. त्यांच्या मुलाने मागल्या उन्हाळ्यात धुऱ्यावर बोरीची रोपे लावली आहेत, आणि नांगरट करताना तो स्वतःचे औत त्यांच्यापासून हातभर आत वळवतो.

आपला,
एक वाचक, जि. परभणी