पाच दिवस थांबवल्याबद्दल मनापासून आभार

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बाबांची बायपास नीट पार पडली, ते आता घरी आहेत, म्हणून त्या टीमचे चार शब्दांत आभार मानायला हे पत्र.

खरं तर ऑपरेशन पाच दिवस आधीच व्हायचं होतं. सगळी तयारी झाली होती, आणि आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या. आम्ही फाईल पुढे केली तर त्या म्हणाल्या, फाईल राहू दे, काका, तुमची गोळ्यांची पिशवी दाखवा. पिशवीत क्लोपिडोग्रेलची स्ट्रिप निघाली. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घेतात ती गोळी, आणि ती बंद करा असं सांगितलेलं असूनही बाबा सवयीने रोज घेत होते, त्या दिवशी सकाळीसुद्धा घेतलेली. आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

ऑपरेशन पुढे ढकललं म्हटल्यावर माझा भाऊ सर्जनवर चिडला, आवाज चढवला. ते खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले की ही गोळी ज्या प्लेटलेट्सवर काम करते त्या मरेपर्यंत निकामीच राहतात, रक्त थांबवायला नव्या तयार व्हाव्या लागतात आणि त्याला पाचेक दिवस द्यावे लागतात. ॲस्पिरिन मात्र चालू ठेवली. मधेच छातीत दुखायला लागलं तर थांबणार नाही, जादा प्लेटलेट्सची सोय करून लगेच घेऊ, हेही स्पष्ट सांगितलं. म्हणून ते पाच दिवस बाबा मॉनिटरवरच होते.

त्या थांबण्याचा अर्थ मला ऑपरेशननंतर आयसीयूत कळला. छातीत साठणारं रक्त बाहेर यावं म्हणून नळ्या टाकलेल्या असतात, त्यांच्या बाटलीवर सिस्टर दर तासाला पेनाने रेघ मारून वेळ लिहीत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, तासाला दोनशे मिलीच्या आसपास येत राहिलं तर पेशंटला परत ओटीत न्यावं लागू शकतं. बाबांचं पहिल्या तासाला नव्वद मिली आलं, मग साठ, मग तीस, आणि पहाटे तर दोन रेघा एकमेकींना जवळपास चिकटल्या होत्या, नळीतलं लालही फिकट झालं होतं. तेवढ्या रात्रीत मी दुसरं काही बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताईंनी छातीशी उशी घट्ट धरायला लावून बाबांना खोकायला शिकवलं, कारण छातीचं हाड तारेने जोडलेलं असतं आणि दुखतं म्हणून खोकलं नाही तर कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. बाबा रडकुंडीला आले होते, पण त्या हात धरून बसल्या, कफ सुटेपर्यंत हलल्या नाहीत.

सर्जन, भूलतज्ज्ञ मॅडम, रात्रपाळीच्या सिस्टर, ताई, सगळ्यांचे आम्ही मनापासून ऋणी आहोत. डिस्चार्जच्या दिवशी भाऊ सर्जनना भेटून माफी मागून आला, ते म्हणाले, काकांची पिशवी आता तुम्ही सांभाळा. ती आता त्याच्याच कपाटात आहे.

आपली नम्र,
एका पेशंटची मुलगी